तेल घसरलं म्हणून सोनं विकावं का?

वाचकाचं पत्र: "सोनं आणि कच्चं तेल बरोबरच चालतात असं सगळीकडे ऐकतो. खात्री करावी म्हणून २००२ ते २००८ या वर्षांच्या दोन्हींच्या सरासरी किमती स्प्रेडशीटमध्ये टाकल्या, तर सहसंबंध ०.९८ आला! आता तेल उतरतंय. सोनं पडायच्या आत विकून टाकू का? शिवाय माझ्याकडे एक कमॉडिटी फंडही आहे. तो असताना सोनं वेगळं ठेवण्यात काही अर्थ आहे का?"

उत्तर: तेलाकडे बघून सोनं विकू नका. पैशांची गरज आहे, किंवा एकूण गुंतवणुकीत सोन्याचा वाटा ठरवल्यापेक्षा वाढलाय, तर जरूर विका. पण तेल उतरतंय हे सोनं विकायचं कारण नव्हे. तुमच्या ०.९८ मधून तर ते मुळीच निघत नाही.

गणित तुम्ही बरोबर केलंय. तेच आकडे घेऊन मीही ते करून पाहिलं. लंडनच्या बाजारातली सोन्याची वार्षिक सरासरी २००२ पासून क्रमाने औंसाला ३१०, ३६३, ४१०, ४४५, ६०३, ६९५ आणि ८७२ डॉलर. ब्रेंट तेलाची सरासरी बॅरलला २५, २९, ३८, ५५, ६५, ७२ आणि ९७ डॉलर. दोन्ही रांगा वर्षागणिक चढत गेल्या आहेत, एकदाही कुणी मागे आलेलं नाही. अशा दोन रांगांचा सहसंबंध, म्हणजे त्या किती बरोबरीने हलतात हे सांगणारा उणे एक ते एक यांमधला आकडा, काढला की तो एकाच्या जवळच येणार. दोन वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची उंची दर वाढदिवसाला मोजून ठेवली, तरी दोन रांगांचा सहसंबंध ०.९८ येईल. त्यावरून एकाच्या उंचीचा दुसऱ्याच्या उंचीशी संबंध आहे असं कुणी म्हणणार नाही. दोघं वाढत्या वयात होते, एवढंच त्यातून कळतं.

किमतीच्या पातळ्यांचा सहसंबंध काढला की हे असं होतं. तुम्हाला खरं तर वेगळंच जाणून घ्यायचं आहे: ज्या वर्षी तेल नेहमीपेक्षा जास्त वाढलं, त्या वर्षी सोनंही नेहमीपेक्षा जास्त वाढलं का? त्यासाठी किमतींऐवजी किमतींमधला बदल घ्यावा लागतो. तुमच्या शीटमध्ये अ रकान्यात वर्ष, दुसऱ्यात सोनं आणि तिसऱ्यात तेल आहे असं धरतो. पहिली ओळ शीर्षकांची. आता पुढच्या दोन रकान्यांत टक्केवारीतला बदल काढा, तो खालपर्यंत ओढा आणि सहसंबंध त्या बदलांचा घ्या:

```
D3:  =B3/B2-1
E3:  =C3/C2-1
     =CORREL(D3:D8,E3:E8)
```

सोन्याचे बदल साधारण १७, १३, ९, ३६, १५ आणि २५ टक्के येतील. तेलाचे १६, ३१, ४५, १८, ११ आणि ३५ टक्के. या दोन ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या तरी गोष्ट लक्षात येते. तेलाने सगळ्यात मोठी उडी २००५ मध्ये मारली, ४५ टक्क्यांची. त्या वर्षी सोनं सगळ्यात कमी, जेमतेम ९ टक्के वाढलं. पुढच्या वर्षी सोन्याने ३६ टक्क्यांची झेप घेतली, तेव्हा तेलाचा जोर ओसरून १८ वर आला होता. सहसंबंध येतो उणे ०.३५. वर्षं तीच, आकडे तेच, पण ०.९८ चा उणे ०.३५ झाला.

म्हणून आता "सोनं आणि तेल उलट चालतात" असा निष्कर्ष काढायला धावू नका. हा दुसरा आकडाही फारसा भरवशाचा नाही. २००५ हे एकच वर्ष वगळून बघा: उणे ०.३५ चा ०.०४ होतो, म्हणजे जवळपास शून्य. एका वर्षाने ज्याची चिन्हं बदलतात, त्या आकड्यावर पैसे लावायचे नसतात. याचा एक ढोबळ अंदाज हाताशी ठेवा. जितकी निरीक्षणं असतील त्याचं वर्गमूळ घ्या आणि दोनला त्याने भागा. उत्तर येईल तेवढा सहसंबंध दोन पूर्णपणे असंबद्ध गोष्टींमध्येही निव्वळ योगायोगाने दिसू शकतो. सहा निरीक्षणांना ही मर्यादा ०.८ च्या घरात जाते. पाच वर्षांचे मासिक बदल घेतले तर निरीक्षणं ६० होतात आणि मर्यादा ०.२६ वर उतरते. वार्षिक आकड्यांवर सहसंबंध काढूच नये असं मला वाटतं ते याचसाठी.

तुमच्या शीटमध्ये एक ओळ वाढवायलाही हरकत नाही, कारण तुमचा तक्ता नेमका गोष्ट रंगात आली असताना थांबतो. २००९ टाका. सोन्याची सरासरी ९७२ डॉलर, ब्रेंटची ६२. तेल ३६ टक्के कोसळलं आणि सोनं ११ टक्के वाढलं. २००८ अखेर तुमच्या ०.९८ वर विसंबून कुणी सोनं विकलं असतं, तर त्याने नेमकं चुकीच्या वेळी विकलं असतं. गंमत पुढे आहे. हे वर्ष धरून बदलांचा सहसंबंध पुन्हा काढा. तो खाली जायला हवा असं वाटतं, पण तो उणे ०.३५ वरून अधिक ०.१२ वर जातो!

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण भले भले इथे फसतात. सहसंबंध दिशा मोजत नाही. प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतःच्या सरासरीच्या किती वर होती की किती खाली, एवढंच तो बघतो. त्या सात वर्षांत सोनं सरासरी १८ टक्क्यांनी वाढत होतं. २००९ चे ११ टक्के ही वाढच, पण सोन्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा कमी. तेल तर आपल्या सरासरीपेक्षा कितीतरी खाली. म्हणजे सूत्राच्या लेखी दोघं "एकाच बाजूला" होते. तुमच्या खिशाच्या लेखी मात्र एकाने पैसे मिळवून दिले आणि दुसऱ्याने बुडवले. त्यामुळे सहसंबंध धन आहे म्हणजे दोन्ही एकत्र पडतील, किंवा ऋण आहे म्हणजे एक दुसऱ्याला सावरेल, असं थेट वाचता येत नाही.

मग सोन्या-तेलाचं नातं आहे तरी किती? बरीच वर्षं धरून मासिक बदल घेतले तर सहसंबंध सहसा शून्याच्या थोडा वर, ०.१ ते ०.३ च्या दरम्यान भरतो. हा आकडा वाचताना त्याचा वर्ग करायचा. ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणजे सोन्याच्या चढउतारांपैकी तेलाच्या चढउतारांशी जुळणारा भाग जेमतेम चार टक्के. उरलेले शहाण्णव टक्के दुसऱ्याच कशामुळे हलतात. पण हीसुद्धा सरासरीच. काही महिने ती ०.६ वर जाते, काही महिने उणे होते. आणि हे चढउतार आंधळे नसतात. तेल कशामुळे हललं यावर ते ठरतं. तेलाच्या किमतीपेक्षा त्या किमतीमागचं कारण बघावं, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही वस्तूंचा स्वभावच वेगळा आहे, तिथून सुरुवात करू. तेल जाळण्यासाठी काढतात. जग दिवसाला दहा कोटी बॅरलच्या आसपास तेल वापरतं आणि साठवायला जागा मर्यादित आहे. त्यामुळे मागणी-पुरवठ्यात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला तरी किंमत ढवळून निघते. सोनं जळत नाही, संपत नाही. आजवर खणून काढलेलं दोन लाख टनांहून जास्त सोनं या ना त्या रूपात शिल्लक आहे, आणि खाणींतून वर्षाला त्यात साडेतीन हजार टनांच्या आसपास भर पडते. एखाद्या वर्षी खाणी निम्म्याच चालल्या तरी एकूण साठ्यात एक टक्क्याचाही फरक पडणार नाही. म्हणून सोन्याची किंमत पुरवठ्याने कमी आणि ते धरून ठेवायचं की सोडायचं याविषयीच्या लोकांच्या मनाने जास्त हलते. व्याजदर काय आहेत, डॉलर कसा आहे, भीती किती आहे, यावर ते मन बनतं.

या दोन स्वभावांची टोकाची गाठ २० एप्रिल २०२० रोजी दिसली. महासाथीत वाहनं थांबली, विमानं थांबली, आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात कुशिंग इथे, जिथे डब्ल्यूटीआय या अमेरिकी तेलाच्या वायद्याची डिलिव्हरी होते, टाक्यांमध्ये भाड्याने जागा मिळेनाशी झाली. मे महिन्याचा वायदा, म्हणजे मे महिन्यात तेल ताब्यात घेण्याचा करार, संपायला एक दिवस होता. ज्यांच्या हातात तो होता आणि तेल ठेवायला टाकी नव्हती, त्यांनी वर पैसे देऊन तेल दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. त्या दिवशी वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. सोन्याला असा प्रसंग येऊच शकत नाही. साडेबारा किलोची एक वीट लहानशा कपाटात मावते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोन्याने २,००० डॉलरची पातळी पहिल्यांदा ओलांडली.

(जाता जाता: तो दिवस तुमच्या आकडेवारीत असेल तर सावध राहा. आधीच्या शुक्रवारी हाच वायदा १८.२७ डॉलरवर होता. तिथून उणे ३७.६३ म्हणजे टक्केवारीत उणे ३०६ टक्के, आणि उणे किमतीवरून पुढच्या दिवसाचा बदल काढला तर उत्तराला अर्थच उरत नाही. दैनंदिन आकड्यांच्या एखाद्या तक्त्यात सहसंबंध विचित्र दिसला, तर आधी ही तारीख तपासावी.)

आता कारणांकडे. तेल तीन-चार कारणांनी हलतं आणि प्रत्येक वेळी सोन्याचं उत्तर वेगळं असतं.

पहिलं कारण डॉलर. तेल आणि सोनं दोन्ही डॉलरमध्ये विकलं जातं. डॉलर मजबूत झाला की इतर चलनांत खरेदी करणाऱ्यांना दोन्ही महाग पडतं, आणि डॉलरमधली किंमत खाली सरकते. २०१४ च्या मध्यापासून २०१६ च्या सुरुवातीपर्यंत हे दिसलं. ब्रेंट ११५ डॉलरवरून ३० च्या खाली गेलं, सोनं १,३०० च्या आसपासून ११०० च्या आसपास आलं. दोघांची दिशा एक, पण तेल तीन चतुर्थांश गेलं आणि सोनं सहावा हिस्सा. कारण डॉलरचा भार दोघांवर सारखा होता, तेलाचं स्वतःचं दुखणं वेगळं होतं: अमेरिकेत शेल खडकातून तेलाचा पूर आला होता आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपेकने उत्पादन कमी न करण्याचं ठरवलं. ते दुखणं सोन्याला लागण्याचं काही कारण नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये, तेल तळाला असताना, "आता सोन्याची पाळी" म्हणून ज्यांनी सोनं विकलं, त्यांना जुलैमध्ये ते १,३५० च्या वर गेलेलं बघावं लागलं.

दुसरं कारण जगाची मागणी. कारखाने जोरात, बांधकामं जोरात, तर तेल वाढतं. पण अशा वेळी लोक शेअर घेतात, सोन्याची फारशी आठवण काढत नाहीत. उलट मंदीची चाहूल लागली की तेल पडतं आणि सोनं टिकतं किंवा वाढतं. तुमच्या तक्त्यातलं २००९ या प्रकारचं. इथे एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. घबराटीच्या पहिल्या काही आठवड्यांत सगळंच एकत्र पडतं, सोनंसुद्धा. २००८ च्या शरद ऋतूत आणि मार्च २०२० मध्ये असं झालं. इतरत्र झालेल्या तोट्यामुळे मार्जिनचे पैसे भरायची वेळ आली की माणूस जे लगेच विकलं जातं ते विकतो, आणि सोनं लगेच विकलं जातं. त्या आठवड्यांत सहसंबंध एकदम वर उडतो आणि "बघा, बरोबरच चालतात" म्हणणाऱ्यांना पुरावा मिळतो. २००८ मध्ये सोनं नोव्हेंबरपर्यंत चांगलंच आपटलं, आणि तरीही वर्षाचा शेवट त्याने सुरुवातीपेक्षा थोडा वर केला. तेल मात्र जुलैतल्या १४७ डॉलरवरून डिसेंबरात ४० च्या खाली.

तिसरं कारण पुरवठ्याचा धक्का: युद्ध, बंदी, अडवलेले मार्ग. हीच ती जागा जिथे "तेल वाढलं की महागाई वाढते, महागाई वाढली की सोनं वाढतं" ही साखळी जन्माला आली. १९७३ च्या तेलबंदीत ती अक्षरशः खरी ठरली. तेल बॅरलला तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेलं आणि सोनंही जोरात वाढलं. जानेवारी १९८० मध्ये, इराणमधल्या क्रांतीनंतर, सोनं ८५० डॉलरवर पोहोचलं. पण साखळीत एक कडी दडलेली आहे आणि ती बहुतेक जण सांगत नाहीत. महागाई वाढल्यावर मध्यवर्ती बँक काय करते? सत्तरच्या दशकात व्याजदर महागाईच्या मागे राहिले. बँकेत पैसा ठेवला तर महागाई जाऊन हातात काही उरत नव्हतं, म्हणून सोनं धरणं परवडत होतं.

२०२२ मध्ये तीच साखळी नेमकी त्या कडीशी तुटली. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. मार्चच्या सुरुवातीला ब्रेंट काही काळ १३० च्या वर आणि सोनं २,००० च्या वर, दोघं हातात हात घालून. त्याच मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर वाढवायला घेतले. शून्याजवळ असलेला दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर गेला. महागाई वजा जाता मिळणारं व्याज, ज्याला वास्तव व्याजदर म्हणतात, तो दहा वर्षांच्या अमेरिकी रोख्यांवर वर्षाच्या सुरुवातीला उणे एक टक्क्याच्या आसपास होता. ऑक्टोबरपर्यंत तो अधिक दीड टक्क्यावर गेला. सोनं व्याज देत नाही. रोख्यावर महागाई जाऊन दीड टक्का मिळत असेल, तर सोनं नुसतं ठेवून देण्याची किंमत तेवढी वाढली. सोनं नोव्हेंबरच्या सुरुवातीला १,६३० डॉलरच्या आसपास उतरलं होतं. वर्षाच्या सरासऱ्या बघा: ब्रेंट ७१ वरून १०१, म्हणजे ४२ टक्के वाढ, सोनं १,७९९ वरून १,८००. महागड्या तेलाने महागाई वाढवली, महागाईने व्याजदर वाढवले आणि व्याजदरांनी सोनं दाबलं. म्हणजे पुरवठ्याच्या धक्क्यात तेल वाढलं तर सोनं वाढेल की पडेल, हे तेल सांगू शकत नाही; ते वास्तव व्याजदर सांगतो.

आणि तो तरी कायम सांगतो का? नाही. २०२२ पासून सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. व्याजदर चढे असतानाही २०२४ ची सोन्याची सरासरी २०२३ च्या १,९४१ वरून २,३८६ डॉलरवर गेली. ब्रेंट त्या काळात ८० च्या आसपासच रेंगाळत होतं. या खरेदीचा तेलाशी दुरूनही संबंध नाही. नवा मोठा ग्राहक बाजारात आला की जुनी नाती, मग ती कितीही वर्षं टिकलेली असोत, सैल पडतात.

"एक औंस सोन्यात अमुक इतके बॅरल तेल यायलाच हवं" असं एक प्रमाणही सांगितलं जातं, आणि ते बिघडलं की काहीतरी स्वस्त आहे असं ठरवलं जातं. तुमच्याच आकड्यांवरून ते काढा. २००२ मध्ये १२ बॅरल, २००५ मध्ये ८, २००८ मध्ये ९. पुढे २०१६ मध्ये २८ च्या वर, २०२० मध्ये ४० च्या वर, २०२४ मध्ये ३० च्या आसपास. यातलं योग्य कुठलं? ज्याला जे सिद्ध करायचंय त्याप्रमाणे तो सुरुवातीचं वर्ष निवडतो.

इतर वस्तूंबद्दल थोडक्यात. सोन्याच्या सगळ्यात जवळ चांदी आहे. तिथे मासिक बदलांचा सहसंबंध बराच वरचा असतो, पण चांदीचा मोठा वाटा उद्योगांत जातो म्हणून मंदीच्या भीतीत ती सोन्याला सोडून देते. मार्च २०२० मध्ये चांदी १२ डॉलरच्या खाली गेली आणि एका औंस सोन्यात १२० औंसांहून जास्त चांदी येऊ लागली. तांबं तेलाच्या बाजूचं. कारखान्यांची नाडी त्यात दिसते. तांबं वर आणि सोनं खाली असेल तर बाजाराला वाढ अपेक्षित आहे, उलट असेल तर भीती आहे, असं वाचणारे लोक आहेत आणि त्यात तथ्य आहे. धान्याचं गणित पावसावर आणि पेरणीवर चालतं. त्याचं सोन्याशी नातं शोधण्यात वेळ घालवू नका.

तुम्हाला हे स्वतः तपासत राहायचं असेल तर मासिक बदल घ्या आणि साठ महिन्यांची सरकती खिडकी करा. म्हणजे पहिल्या साठ महिन्यांचा सहसंबंध, मग एक महिना पुढे सरकून पुन्हा साठांचा, असं शेवटपर्यंत. त्याचा आलेख काढला की एका आकड्याऐवजी नातं कधी घट्ट झालं आणि कधी सुटलं ते दिसेल. दोन गोष्टी सांभाळा. दैनंदिन आकडे घेणार असाल तर वेळा जुळत नाहीत: लंडनमधला सोन्याचा दुपारचा भाव तीन वाजताच्या लिलावात ठरतो, तर डब्ल्यूटीआयचा बंद भाव न्यूयॉर्कमध्ये दुपारी अडीचला, म्हणजे लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसात झालेले असताना. मधल्या साडेचार तासांत आलेली बातमी तेलाच्या आजच्या रकान्यात पडते आणि सोन्याच्या उद्याच्या. त्यामुळे सहसंबंध असतो त्यापेक्षा कमी दिसतो. मासिक बदलांत ही अडचण जवळपास नाहीशी होते. दुसरं, दोन्ही किमती डॉलरमध्येच ठेवा. त्या आपल्या चलनात बदलून घेतल्या, की डॉलर महाग झाल्यावर दोन्ही रकाने एकदम वर जातात आणि सोन्या-तेलाचं नातं म्हणून जे दिसतं ते प्रत्यक्षात तुमच्या चलनाची घसरण असते.

उरला तुमचा फंड. त्याचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, पण तो कुठल्या निर्देशांकामागे चालतो ते त्याच्या माहितीपत्रकात पहिल्या पानांवरच असतं. एस अँड पी जीएससीआय असेल तर त्यात वजन जागतिक उत्पादनावर ठरतं, म्हणून निम्म्याहून जास्त वाटा एकट्या ऊर्जेचा असतो आणि सोनं काही टक्केच. तो फंड म्हणजे जवळजवळ तेलच समजा. त्याच्या जोडीला वेगळं सोनं ठेवण्यात दुहेरी काही होत नाही. ब्लूमबर्ग कमॉडिटी निर्देशांकात मात्र कुठल्याही एका गटाला तिसऱ्या हिश्श्यावर वजन मिळू दिलं जात नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्यात सोनंच १४-१५ टक्के राहिलं आहे. फंड त्या प्रकारचा असेल, तर त्याच्या प्रत्येक शंभरातले पंधरा तुमच्या सोन्याच्या खात्यात धरा, आणि मग सोन्याचा एकूण वाटा तुम्ही ठरवलेल्या मर्यादेत बसतो का ते बघा. जास्त भरला तर तेवढं विका. तेलाचा भाव त्या दिवशी काय आहे ते बघायचीही गरज नाही.